एका मजकुराला एकच विनंती

वाचकहो, हल्ली आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्याकडूनही मोबाईलवर फोटो येतात. कधी रक्तदाब मोजणारा हात, कधी पावसाळ्यातील डबके, कधी पालेभाज्यांची परडी. फोटोखाली चार-सहा ओळींचा मजकूर असतो. तरुण मंडळी त्याला कॅप्शन म्हणतात. त्या मजकुराची शेवटची ओळ आपल्याला काहीतरी करण्यास सांगते. कमेंट करा, मेसेज करा, लिंक उघडा किंवा भेट द्या. आपल्यापैकी बहुतेक जण ही ओळ शिष्टाचाराची समजून पुढे जातात. मात्र ज्याच्या मनात त्या क्षणी एखादी शंका किंवा वेदना असते, तो तिथेच थांबतो आणि ती ओळ सांगेल तसे करतो. आजारी माणूस आपली चिंता कोणत्या दारी घेऊन जाणार, हे अशा वेळी त्या एका ओळीवर अवलंबून असते. म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

या विषयाशी माझा संबंध थोडा वेगळ्या वाटेने आला. दापोडीच्या एस. टी. कार्यशाळेतील कचेरीत माझी नोकरी झाली. सूचनाफलकावरील मजकूर लिहिणे हे माझ्या कामांपैकी एक. तेथील अलिखित नियम असा होता की एका कागदावर एकच सूचना असावी. रजेचे अर्ज कोठे द्यायचे आणि गणवेशाचे माप कधी घ्यायचे, हे एकाच कागदावर लिहिले तर पाळी संपवून घाईने निघालेला माणूस दोन्ही विसरतो. निवृत्तीनंतर माझ्या पुतणीने दापोडीतच छोटा दवाखाना सुरू केला. एक डॉक्टर, काउंटरवर एक ताई, बसायला दोन बाके आणि तपासणीची एक खोली, एवढाच त्याचा पसारा. "काका, तुम्ही सूचना लिहायचात ना? मग फोटोखालचा मजकूरही तुम्हीच लिहा. वैद्यकीय भाग मी तपासून देत जाईन," असे ती म्हणाली. तेव्हापासून आठवड्याला एक मजकूर मी लिहितो.

दवाखान्यांचे मजकूर साधारणपणे कसे असतात, ते आपण पाहिलेच असेल. नमुना म्हणून एक देतो. "मधुमेहींनी पायांची काळजी घ्यावी. आपले अनुभव कमेंटमध्ये कळवा, अधिक माहितीसाठी मेसेज करा, नावनोंदणीसाठी लिंक उघडा किंवा आजच दवाखान्यास भेट द्या!" लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ज्याला जे सोयीचे असेल ते त्याने करावे, असा उदार विचार त्यामागे असतो. प्रत्यक्षात मात्र वाचणारा चारही मार्ग तोलून पाहत नाही. जो मार्ग त्याच्या बोटाला सर्वांत जवळ असतो, तो त्यावर जातो. मोबाईलच्या पडद्यावर सर्वांत जवळ असते ती कमेंटची जागा, कारण ती मजकुराच्या लगेच खाली असते.

आमच्या इमारतीतील एका वयस्कर गृहस्थांच्या बाबतीत नेमके हेच घडले. औद्योगिक पट्ट्यातील दुसऱ्याच एका दवाखान्याचा असा चार विनंत्यांचा मजकूर त्यांनी वाचला. त्यांना बऱ्याच वर्षांचा मधुमेह. उजव्या पायाच्या करंगळीजवळ काळसर ठिपका दिसत होता, दुखत मात्र मुळीच नव्हते. त्यांनी आपले वय, साखरेचा आकडा आणि त्या ठिपक्याचे वर्णन कमेंटमध्ये लिहिले आणि डॉक्टरांच्या उत्तराची वाट पाहत बसले. डॉक्टरांचे उत्तर आले नाही, कारण त्या दिवशी कमेंट कोणी पाहिल्याच नाहीत. अनोळखी लोकांची उत्तरे मात्र आली. एकाने हळद लावण्यास सांगितले, दुसऱ्याने गरम पाण्यात पाय बुडवून बसण्यास. दोन दिवसांनी सुनेच्या दृष्टीस ते लिखाण पडले आणि ती सासऱ्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन गेली. बोट वाचले, पण ड्रेसिंग कित्येक आठवडे चालले.

या प्रसंगातील दोन वैद्यकीय गोष्टी माझ्या पुतणीने मला समजावून सांगितल्या. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसांची संवेदना कमी होते. त्यामुळे जखम दुखत नाही, आणि न दुखणे हाच धोका असतो. दुसरे म्हणजे, ज्या पायाला उष्णता नीट कळत नाही त्या पायाला गरम पाण्याने भाजले तरी लक्षात येत नाही. म्हणजे त्या गृहस्थांना मिळालेला एक सल्ला निरुपयोगी आणि दुसरा घातक होता. त्यांनी आपले काम चोख केले होते. मजकुराने सांगितलेल्या चार गोष्टींपैकी एक त्यांनी केली होती. ती त्यांच्या दुखण्यासाठी योग्य नव्हती, इतकेच. योग्य कोणती, हे ठरवणे मजकूर लिहिणाऱ्याचे काम होते आणि ते त्याने वाचणाऱ्यावर सोडले होते.

म्हणून आमच्या दवाखान्यात नियम असा ठेवला आहे की एका मजकुरात एकच विनंती असेल. कोणती, हे ठरवण्यासाठी लिहिण्यापूर्वी मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. वाचणारा जे सांगेल ते शेजाऱ्याने वाचले तर चालेल का? त्या गोष्टीसाठी डॉक्टरांचा हात किंवा डोळा प्रत्यक्ष लागणार आहे का? आणि ती गोष्ट किती वेळ थांबू शकते? या तीन उत्तरांतून चारांपैकी एक मार्ग बहुधा आपोआप उरतो. आता हे चार मार्ग एकेक करून पाहू.

कमेंट ही चव्हाट्यावरची जागा आहे. तेथे लिहिलेले आपले व्याही, जुने सहकारी आणि अनोळखी माणसेही वाचतात. म्हणून ज्या उत्तरात प्रकृतीचा काहीही तपशील येणार नाही, त्यासाठीच आम्ही कमेंट मागतो. "पुढच्या आठवड्यात कशाविषयी वाचायला आवडेल: झोप, गुडघे की चष्मा? एक शब्द कमेंटमध्ये लिहा." एवढी विनंती निर्धोक आहे. "तुम्हाला कोणता त्रास होतो ते कमेंटमध्ये कळवा" ही विनंती मात्र वरवर आपुलकीची वाटली तरी माणसाला आपला आजार चारचौघांत मांडायला लावणारी आहे. शिवाय डॉक्टर त्याला तेथे खरे उत्तर देऊ शकत नाहीत. न तपासता उपचार सांगितल्यासारखे होईल आणि रुग्णाची गुप्तताही राहणार नाही. तरीही एखाद्याने आपले दुखणे कमेंटमध्ये लिहिलेच, तर काउंटरवरच्या ताई त्याच जागी एवढेच लिहितात: "आपला प्रश्न वाचला. कृपया आजच दवाखान्यात फोन करावा." त्यानंतर ती कमेंट इतरांना दिसणार नाही अशी व्यवस्था करतात. पान चालवणाऱ्याला ती सोय असते.

मेसेज हा मार्ग खासगी असतो, त्यामुळे तो तपशिलासाठी योग्य. पण त्यात एक मोठी फसगत आहे. मेसेज पाठवला की आपण डॉक्टरांना कळवले, असे मनाला वाटते. प्रत्यक्षात डॉक्टर तेव्हा दुसऱ्या रुग्णाची छाती तपासत असतात आणि फोन खणात पडलेला असतो. म्हणून मेसेजची विनंती करताना उत्तर केव्हा मिळेल हे त्याच ओळीत लिहिले नाही, तर ती विनंती अपुरी आहे असे मी मानतो. "मेसेजची उत्तरे रोज दुपारी २ ते ३ या वेळात दिली जातात" हे वाक्य वाचले की, आपली गोष्ट दुपारपर्यंत थांबू शकते का, याचा विचार माणूस स्वतःच करतो. काय पाठवायचे तेही सांगावे लागते. नुसता "नमस्कार" पाठवून पुढच्या प्रश्नाची वाट पाहणे ही आपल्या पिढीची सभ्यता आहे, पण त्यात अर्धा दिवस जातो. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टर लेखी संदेशावरूनही सल्ला देऊ शकतात. मात्र तेवढी माहिती पुरेशी आहे की रुग्णाला प्रत्यक्ष पाहायला हवे, हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचाच राहतो. तातडीच्या प्रसंगी रुग्णाने प्रत्यक्ष उपचार घ्यावेत, असेही ती तत्त्वे सांगतात.

लिंक म्हणजे दुसऱ्या पानावर नेणारा दुवा. नकाशा दाखवायचा असेल, वेळ राखून ठेवायची असेल किंवा चार ओळींत न मावणारी माहिती द्यायची असेल, तरच तो उपयोगी. इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुरात लिहिलेल्या लिंकवर बोट टेकवून ती उघडतच नाही. दवाखान्याच्या नावावर जाऊन, तेथील परिचयात दिलेला दुवा शोधावा लागतो. फेसबुकवर आणि व्हॉट्सअॅपवर ती सरळ उघडते. म्हणून एकच मजकूर सगळीकडे जसाच्या तसा चिकटवला की इन्स्टाग्रामवरचा वाचक निर्जीव अक्षरांवर बोट आपटत बसतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. फसव्या लिंकमुळे वृद्धांची खाती रिकामी झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि घरातील मुलांनी आपल्याला बजावलेले असते की अनोळखी लिंक उघडू नका. ते बजावणे योग्यच आहे. दवाखान्याने प्रत्येक मजकुरात लिंक देऊन वाचकांची ही सावधगिरी मोडू नये. आम्ही लिंक क्वचित देतो, आणि दिली तर ती उघडल्यावर काय दिसेल हे आधी लिहितो: "ही लिंक फक्त नकाशा उघडते. कोठेही नाव, पैसे किंवा ओटीपी विचारला जाणार नाही."

चौथा मार्ग भेटीचा. हाताने चाचपून, डोळ्यांनी पाहून किंवा उपकरण लावूनच जे कळते त्यासाठी दुसरा पर्याय नसतो. पण चारही मार्गांत हाच वाचकाला सर्वांत महाग पडतो. सत्तरीच्या माणसाला दवाखान्यात येण्यासाठी रिक्षाभाडे लागते, कुणाची तरी सोबत लागते, आणि सोबत येणाऱ्याला चाकणच्या किंवा भोसरीच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी लागते. म्हणून "अवश्य भेट द्या" हे तीन शब्द पुरत नाहीत. वार, तारीख, वेळ, मजला, सोबत काय आणायचे आणि काय खाऊन यायचे, हे सर्व लिहावे लागते. दापोडीत आणखी एक गोष्ट. आमच्याकडे रेल्वेमार्ग आणि जुना मुंबई-पुणे रस्ता जवळजवळ समांतर धावतात. दवाखाना रुळांच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे गुडघेदुखीच्या माणसाला पत्त्याइतकेच महत्त्वाचे असते. मेट्रोने येणाऱ्यासाठी वेगळी खूण आणि लोकलने येणाऱ्यासाठी वेगळी खूण सांगावी लागते.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. विषय तोच, मधुमेहींच्या पायांचा. मधुमेहींनी वर्षातून निदान एकदा पायांची सविस्तर तपासणी करून घ्यावी, असे सांगितले जाते. त्यात डॉक्टर त्वचा, नखे आणि पायातील नाडी पाहतात. मग मोनोफिलामेंट नावाचा, मासेमारीच्या दोऱ्यासारखा दिसणारा बारीक धागा तळव्याला टेकवतात. दहा ग्रॅम दाबाला तो वाकतो. डोळे मिटलेल्या रुग्णाला तो स्पर्श कळतो की नाही, यावरून संवेदना समजते. तपासणीत सुई किंवा रक्त नसते आणि ती थोड्या मिनिटांत होते. हे सारे एकाच मजकुरात कोंबण्याऐवजी आम्ही त्याचे चार भाग केले.

पहिल्या आठवड्यात पायांविषयीची एक ओळख आणि शेवटी कमेंटची विनंती: "तुम्ही घरात चप्पल घालता का? हो किंवा नाही एवढेच लिहा." या उत्तरात लपवण्यासारखे काही नाही. तरीही लिहिणारा क्षणभर आपल्या पायांकडे पाहतो, आणि ज्याचे उत्तर "नाही" असते तो पुढचा मजकूर लक्षपूर्वक वाचतो.

दुसऱ्या आठवड्यात रोज पाय कसे पाहावेत हे लिहिले. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातील कुणाला पाहण्यास सांगावे, बोटांच्या मधली जागा विसरू नये, पाय धुतल्यावर ती कोरडी करावी. शेवटी मेसेजची विनंती: "रोजच्या पाहणीचा छापील तक्ता हवा असल्यास या क्रमांकावर ‘पाय’ हा एकच शब्द पाठवा. तक्ता दुपारी २ ते ३ या वेळात पाठवला जाईल." एका शब्दाचा मेसेज सोपा पडतो. शिवाय त्यात आजाराचा तपशील नसल्यामुळे उत्तर दुपारपर्यंत लांबले तरी कुणाचे नुकसान होत नाही.

तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यापर्यंत येण्याचा मार्ग दिला आणि त्याखाली नकाशाची लिंक. इन्स्टाग्रामसाठी त्याच मजकुरातून लिंक काढून टाकली आणि खुणा शब्दांत लिहिल्या.

चौथ्या आठवड्याचा मजकूर भेटीचा. तो संपूर्ण देतो, म्हणजे विनंती कशी मांडली हे आपल्या ध्यानात येईल.

"आमच्या दवाखान्यात नोंद असलेल्या मधुमेही ज्येष्ठांसाठी: शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६ रोजी सकाळी १० ते १२ या वेळात पाय तपासून घेण्यास यावे. दुखत नसले तरी यावे, कारण संवेदना कमी झाली असेल तर जखमही दुखत नाही. तपासणीत रक्त घेतले जात नाही. उपाशीपोटी येऊ नये. नेहमीची न्याहारी आणि औषधे घेऊन यावे. रोज वापरता तीच चप्पल किंवा बूट घालून यावे. दवाखाना तळमजल्यावर आहे, पायरी एकच आहे. शुक्रवारी सकाळी १० ते १२ या वेळात पाय तपासून घेण्यास यावे."

विनंती पहिल्या वाक्यात आहे आणि तीच शेवटी पुन्हा आली आहे. एकच विनंती दोनदा केल्याने ती दोन होत नाही. मोबाईलवर आरंभीच्या एक-दोन ओळीच दिसतात आणि उरलेला मजकूर मिटलेला राहतो. तो उघडण्यासाठी आणखी एकदा बोट टेकवायला हवे, हे अनेक ज्येष्ठांना ठाऊक नसते. म्हणून महत्त्वाचे ते वर हवे. उपाशीपोटी न येण्याचे वाक्य पुतणीने आग्रहाने घालायला लावले. तपासणी म्हटले की आपण उपाशी जातो. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. चपलेचे वाक्यही तिचेच. कोठे घासते, कोठे टोचते, हे ती चप्पल पाहून ओळखते.

"नोंद असलेल्या" हे शब्द का, असे आपण विचाराल. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेचे २००२चे नियम डॉक्टरांना जाहिरात करून रुग्ण ओढण्यास मनाई करतात. नवा दवाखाना सुरू करणे, पत्ता बदलणे, काही काळ बाहेरगावी जाणे, परत येऊन काम सुरू करणे आणि शुल्क जाहीर करणे अशा मोजक्या प्रसंगी औपचारिक निवेदन देण्याची त्यांत मुभा आहे. सार्वजनिक आरोग्याविषयी डॉक्टरांनी स्वतःच्या नावाने लिहिण्यासही ते परवानगी देतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३च्या ऑगस्टमध्ये नवे नियम जाहीर केले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. त्या नव्या नियमांत समाजमाध्यमांविषयी स्वतंत्र सूचना होत्या. हे ध्यानात घेऊन आम्ही भेटीची विनंती फक्त आपल्याच रुग्णांना करतो. ज्यांची आमच्याकडे नोंद नाही, अशा सर्वांसाठी लिहिलेल्या मजकुरात शेवटची ओळ वेगळी असते: "आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना या महिन्यात एकदा पाय दाखवा." ही भेटीचीच विनंती आहे, पण ती आमच्या दाराकडे बोट दाखवत नाही. पुतणीला ही ओळ सर्वांत आवडते. तिचे म्हणणे असे, की माणूस कोणाकडे का जाईना, पाय तपासले गेले म्हणजे मजकुराचे काम झाले.

विनंती बरोबर निवडली गेली की नाही, हे कळण्यासाठी काउंटरवर एक साधी वही ठेवली आहे. तीत मजकुराचा आठवडा लिहितो आणि समोर लोकांनी काय विचारले ते. फोटोला किती अंगठे मिळाले, हे आम्ही मोजत नाही. अंगठ्याने पाय तपासला जात नाही. भेटीच्या मजकुराखाली "वेळ काय?" असे दोघा-तिघांनी विचारले तर वेळ फार खाली गेली आहे असे समजावे. मेसेजच्या आठवड्यात फोनच जास्त आले तर लिहिण्यापेक्षा बोलणे त्यांना सोयीचे आहे असे समजावे. कुणी भलत्याच शुक्रवारी आले तर तारीख हरवली असे समजावे. ही शेवटची खूण फार उपयोगी आहे. कुटुंबाच्या गटात कुणी फोटो तेवढा जतन करून पुढे पाठवतो आणि खालचा मजकूर मागेच राहतो. मग "येत्या शुक्रवारी" हे शब्द तीन आठवड्यांनीही ताजे वाटतात. म्हणून वार आणि पूर्ण तारीख आम्ही फोटोवरही लिहितो.

या पद्धतीची एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. काही प्रकृतीच्या गोष्टींना या चारांपैकी कोणताही मार्ग लागू नाही. छातीत दाटून येणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा शुद्ध हरपणे अशा वेळी कमेंट, मेसेज किंवा लिंक यांचा विचारही करू नये, आणि छोट्या दवाखान्याच्या उघडण्याची वाटही पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जावे. मधुमेहीच्या पायाला नवी जखम, काळेपणा, पू, पसरणारी लाली किंवा सूज दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पायासोबत ताप असेल तर रात्रही जाऊ देऊ नये. म्हणून पायांविषयीच्या प्रत्येक मजकुरात ही लक्षणे एका वेगळ्या वाक्यात देतो. ती विनंती नसते, इशारा असतो, आणि तो विनंतीच्या ओळीत कधी मिसळत नाही.

आता आपल्यासाठी, म्हणजे वाचणाऱ्यांसाठी, या सगळ्यातून काय घ्यायचे ते सांगतो. मजकुरात एकाहून अधिक विनंत्या दिसल्या तर जवळची उचलू नका, वरचे तीन प्रश्न आपणच विचारा. शेजाऱ्याला न सांगण्यासारखे असेल ते कमेंटमध्ये लिहू नका. साखरेचा आकडा, औषधाचे नाव, जखमेचा फोटो हे सर्व त्यात आले. मेसेज केला आणि त्याच दिवशी उत्तर आले नाही, तर आपला निरोप पोहोचला असे गृहीत धरू नका, फोन करा. लिंक उघडल्यावर अॅप उतरवून घेण्यास, ओटीपी सांगण्यास किंवा पैसे भरण्यास कुणी सांगितले तर तेथेच थांबा आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवर छापलेल्या क्रमांकावर विचारा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवता येते. भेटीचा मजकूर असेल तर घरातील सोबतीला तो वाचून दाखवा आणि तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहा.

घरात कुणी दवाखाना, औषधांचे दुकान किंवा फिजिओथेरपीचे केंद्र चालवत असेल, तर त्यांचा पुढचा मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी आपण स्वतः एकदा वाचा. वाचून झाल्यावर फोन बाजूला ठेवा आणि आता आपण नेमके काय करायचे आहे, हे एका वाक्यात सांगून पाहा. ते वाक्य सांगता आले नाही, किंवा दोन वाक्ये लागली, तर मजकूर परत द्या आणि एक विनंती काढून टाकण्यास सांगा. आमच्याकडे हे काम काउंटरवरच्या ताईंची आई करते. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि इन्स्टाग्राम काय असते हे माहीत नाही. तिला कळले की मजकूर पुढे जातो.